रेल्वेचा बर्थ, रात्रीची बस आणि ढेकूण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्या संपल्या की हे प्रश्न हटकून येतात. बहुतेकांना चावण्याची काळजी असते. आमच्या मते ती दुय्यम आहे. गांध्या आठवड्याभरात बसतात, पण बॅगेतून घरी आलेली एक मादी पुढचे सहा महिने झोप उडवू शकते. म्हणून खालची उत्तरं अंगापेक्षा अंथरूण आणि बॅग यांच्याकडे जास्त लक्ष देतात.

1. गाडीत खरंच ढेकूण असतात, की लोक झुरळाच्या पिल्लांनाच ढेकूण समजतात?

दोन्ही असतं. रेल्वेच्या डब्यात छोटी तपकिरी झुरळं भरपूर असतात आणि त्यांची पिल्लं अंधारात पाहिली तर फसायला होतं. फरक हालचालीवरून कळतो. झुरळाचं पिल्लू उजेड पडताच सुसाट पळतं, त्याच्या मिश्या लांब असतात आणि अंग लांबट असतं. ढेकूण अंडाकृती आणि चपटा असतो. त्याला पंख नसतात, मिश्या आखूड असतात आणि चाल झुरळापेक्षा बरीच संथ असते. पूर्ण वाढलेला ढेकूण 5 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण मसुरीच्या दाण्याएवढा भरतो. उपाशी असताना तो तांबूस तपकिरी आणि कागदासारखा सपाट दिसतो, रक्त प्यायल्यावर फुगून लांबट आणि गडद लाल होतो. पिल्लं दीड मिलिमीटरपासून सुरू होतात. न जेवलेलं पिल्लू इतकं फिकट असतं की पांढऱ्या चादरीवरही चटकन दिसत नाही.

चिरडल्यावर येणारा उग्र, कोंदट वास ज्यांनी एकदा घेतला आहे त्यांना ओळख पटवून द्यावी लागत नाही.

2. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही. मग एका रात्रीत तो माझ्या सामानात शिरतो कसा?

चालत. दिवसभर तो फटीत अंग चेपून बसतो, कारण पाठ आणि पोट दोन्हीकडून काही तरी टेकलेलं असेल तिथेच त्याला सुरक्षित वाटतं. आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब त्याला बाहेर काढते. तो पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि लगेच जवळची फट शोधतो. खरी अडचण इथे आहे. बर्थच्या मूळ फटीपेक्षा तुमच्या सॅकची चेन, चादरीची दुमड किंवा उशाशी ठेवलेल्या बुटाची शिवण जवळ असेल, तर तो तिथेच शिरतो. सकाळी तुम्ही घडी घालता आणि त्याच्यासकट उतरता.

म्हणजे तो तुमच्या सामानाच्या मागे लागलेला नसतो, त्याला फक्त फट हवी असते. सामानात त्याला फट मिळू द्यायची नाही, हाच पुढच्या बहुतेक उपायांचा आधार आहे.

3. धोका कुठे जास्त? स्लीपर, एसी की ट्रॅव्हल्सची स्लीपर बस?

कुठलाच वर्ग सुटलेला नाही, पण जागा वेगवेगळ्या असतात.

रेल्वेच्या बर्थवरचं रेक्झिन गुळगुळीत असतं आणि त्यावर ढेकूण राहत नाही. तो राहतो रेक्झिन फाटलेल्या जागी, बर्थच्या खालच्या बाजूला जिथे कापड ठोकलेलं असतं तिथे, आणि बर्थ व भिंत यांच्यातल्या सांध्यात. दिवसा पाठ टेकायची फळी रात्री उचलून साखळीला अडकवली की मधला बर्थ होतो. ती उचलताना जो बिजागरीचा सांधा उघडा पडतो, तो नीट पाहा. साइड लोअरवर जुन्या डब्यांत दोन खुर्च्या जोडून बर्थ होतो आणि मधला जोड बरोबर पाठीखाली येतो. एसीत रेक्झिनची गोष्ट तीच, वर पडदे आणि ब्लँकेट यांची भर.

स्लीपर बस आम्ही जास्त जोखमीची धरतो. तिथे जाड कुशन, त्याखाली प्लायवूड, बाजूला फोम लावलेली भिंत, पडदा, चार्जिंगच्या सॉकेटभोवतीची फट हे सगळं एका माणसाच्या खोक्यात असतं. पुणे–नागपूरसारख्या मार्गावर त्याच खोक्यात रोज रात्री नवा माणूस येऊन झोपतो. ढेकणाला रोजचं जेवण आणि दिवसभराची शांतता दोन्ही मिळतं. नुसत्या बसून प्रवासाच्या एसटीत धोका कमी, कारण सीट बहुधा रेक्झिनची आणि लोक जागे. जिथे कापडी सीट आहे तिथे ढुंगणाखालची शिवण पाहावी.

4. बर्थवर बसण्याआधी नक्की काय तपासायचं? दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही.

दोन मिनिटं पुरतात. सामान खाली न टेकवता मोबाइलचा टॉर्च लावा आणि उजेड सरळ वरून न टाकता बाजूने, बर्थला घासून टाका. तिरप्या उजेडात डाग आणि कात उठून दिसतात.

पाहायच्या जागा तीन: डोक्याकडची कड, भिंतीकडचा सांधा आणि जिथे रेक्झिन उसवलं असेल ते भोक. बसमध्ये कुशन बहुधा वेल्क्रोवर असतं. त्याचा डोक्याकडचा कोपरा वीतभर उचला आणि खालचं प्लायवूड पाहा. पडद्याची खालची दुमडही उलटून पाहा.

शोधायचं काय? जिवंत ढेकूण क्वचितच दिसेल. दिसतील ते काळे ठिपके, बॉलपेनचं टोक टेकवल्यासारखे, शिवणीच्या कडेला झुबक्याने. ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ओल्या कागदी रुमालाने पुसल्यावर ठिपका तांबूस तपकिरी पसरला तर संशय पक्का करा. नुसती धूळ अशी पसरत नाही. झुरळाची विष्ठा कोरड्या दाण्यांसारखी सुटी पडते. याशिवाय फिकट पिवळी, पोकळ कात आणि फटीत चिकटलेली मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी. जुनं व्हिजिटिंग कार्ड सांध्यातून एकदा ओढलं की आतला ऐवज बाहेर येतो.

काही दिसलं नाही म्हणजे ढेकूण नाहीत असं नाही. पण ठिपक्यांचा झुबका दिसला तर तिथे ते आहेत किंवा नुकतेच होते, एवढं नक्की. पुढे काय करायचं ते प्रश्न 9 मध्ये.

5. एसीतलं बेडरोलचं ब्लँकेट वापरावं का?

चादरी दर वापरानंतर धुतल्या जातात आणि पाकिटात येतात. ब्लँकेटचं तसं नाही. ती महिन्यातून किमान एकदा धुतात, असं रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये लोकसभेत सांगितलं होतं. ब्लँकेटखाली घ्यायला जादा चादर देतात तीही यासाठीच. थंडी वाजत असेल तर वापरा, पण उघडून टॉर्चखाली दोन्ही बाजू पाहा, शिवलेल्या कडा विशेष करून. अंगाला चादर आणि वर ब्लँकेट असा क्रम ठेवा.

चूक होते ती सकाळी. आपली शाल, मुलाची टोपी, ब्लँकेट आणि बॅग हे सगळं एकाच ढिगात पडतं. उतरण्याआधी तासभर ब्लँकेट वेगळं करून पायथ्याशी ठेवा आणि आपल्या वस्तू त्याला लागू देऊ नका.

6. स्वतःची चादर किंवा वळकटी नेली की प्रश्न मिटला का?

मिटला नाही, पण सोपा झाला. चादरीने ढेकूण अडत नाही, तो कडेने वर येतो. तिचा फायदा असा की ती तुमच्या ताब्यात असते आणि घरी आल्यावर उकळत्या पाण्यात जाऊ शकते. म्हणून चादर सुती, पांढरी किंवा फिकट आणि बिनखिशाची असावी. फुलाफुलांच्या गडद चादरीवर काही दिसत नाही.

चादरीचीच पिशवी शिवून घेतली तर अंगाखालून सरकत नाही. आतला भाग 90 सेंटिमीटर रुंद आणि 220 लांब हवा. डबल बेडची जुनी चादर लांबीत मध्ये दुमडून एक लांब बाजू आणि पायथा शिवला की काम झालं. शिवण सपाट मारा, कडेला जाड दुमड ठेवू नका, नाहीतर आपणच ढेकणाला घर करून देतो.

चादरीच्या कडा बर्थ आणि भिंत यांच्या फटीत खोचू नका. सरकू नये म्हणून बहुतेक जण नेमकं हेच करतात आणि फटीतून अंथरुणापर्यंत जिना तयार होतो. भिंतीकडची कड चार बोटं आत दुमडून ठेवा.

कापूस भरलेली वळकटी किंवा घरची उशी मात्र नेऊ नये. ती ना उकळता येते ना आतून तपासता येते. हवेची उशी न्या, पुसली की स्वच्छ होते. सकाळी चादर झटकायची नाही, कडा आत घेत गुंडाळायची आणि थेट वेगळ्या पिशवीत टाकून तोंड बांधायचं.

7. बॅग कुठे ठेवायची? बर्थखाली, उशाशी की डिक्कीत?

कुठे यापेक्षा कशात हे महत्त्वाचं. मोठ्या बॅगेवर अखंड, जाड पॉलिथीनची पिशवी चढवा आणि तोंड पिळून, दुमडून रबराने बांधा. भाजीच्या पातळ पिशव्या पहिल्या ओढाताणीत फाटतात. नव्या गादीवर येणारं किंवा रंगकामात फर्निचर झाकायला मिळणारं जाड प्लॅस्टिक टेपने चिकटवून पिशवी करता येते आणि ती पुन्हा पुन्हा वापरता येते.

कडक कवचाची ट्रॉली बॅग पुरेशी आहे असा समज आहे. कवचावर ढेकूण राहत नाही हे खरं, पण चेनच्या दातांमागची पट्टी, चाकांच्या खोबण्या आणि ओढायच्या दांड्याची पोकळी तिलाही असते. शिवाय आपल्याकडच्या उष्ण हवेत आढळणारी जात, सायमेक्स हेमिप्टेरस, थंड देशांतल्या जातीपेक्षा गुळगुळीत पृष्ठभागावर बरी चढते. त्यामुळे गुळगुळीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बांधलेलं तोंड महत्त्वाचं.

उशाशी ठेवायची छोटी बॅग सगळ्यात धोक्याची, कारण ढेकूण माणसाच्या आसपासच फिरतो. तिच्यातलं रात्री लागणारं सामान आधीच काढा, मग तीही पिशवीत. बूट उशाशी घेऊ नका, वेगळ्या पिशवीत बांधून खाली ठेवा. बसच्या डिक्कीत माणूस झोपत नाही म्हणून तिथे धोका कमी, पण शेजारच्या प्रवाशाचं गाठोडं कुठून आलंय ते आपल्याला माहीत नसतं. प्लॅस्टिक तिथेही हवंच.

8. डांबर गोळ्या, कापूर, कडुनिंबाचा पाला, डासांचं मलम. यांनी ढेकूण लांब राहतात का?

भरवसा ठेवण्याइतके नाहीत. डासांच्या मलमाने काही काळ ढेकूण बिचकतो, पण उपाशी असेल तर मलम न लागलेली जागा शोधतो. डांबर गोळ्यांची वाफ उघड्या बर्थवर उडून जाते आणि मुलांच्या नाकातोंडाशी ती नकोच. झुरळांचा स्प्रे बंद पडद्याच्या बर्थमध्ये मारला तर रात्रभर तो तुम्हीच हुंगता. तो ज्वालाग्राही असल्याने रेल्वेत नेऊच नये. रॉकेल तर अजिबात नाही. ज्वालाग्राही पदार्थ गाडीत नेणं हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे.

9. रात्री अकराला बर्थवर ढेकूण दिसला. आता काय?

पहिला चिरडू नका, फोटो काढा. फोटोत शक्यतो बर्थचा नंबर येऊ द्या. मग पारदर्शक चिकटपट्टीवर उचलून ती कागदावर चिकटवा. पुरावाही होतो आणि घरी ओळख पटवायलाही उपयोग होतो.

रेल्वेत 139 वर फोन करा किंवा रेलमदद अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. पीएनआर, डबा आणि बर्थ नंबर द्या. टीटीईकडे बर्थ बदलून मागा, आणि जमल्यास दुसऱ्या कप्प्यातला. त्याच कप्प्यातला वरचा बर्थ घेऊन फारसा फायदा नाही, भिंत आणि साखळ्या एकच असतात. चालत्या गाडीत कर्मचारी येऊन फवारणी करतील, पण फटीतल्या ढेकणांना आणि अंड्यांना ती सहसा पोचत नाही. तक्रारीचा खरा उपयोग डबा यार्डात गेल्यावर होतो, म्हणून तक्रार क्रमांक जपून ठेवा.

बसमध्ये क्लीनरला दाखवा, सीट बदलून मागा आणि तिकीट ज्या अ‍ॅपवर काढलं तिथेही फोटोसह लिहा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

बदल मिळालाच नाही तर अंगभर कपडे, मोजे आणि चादरीची पिशवी. बॅग तेवढी बांधलेली राहू द्या.

10. सकाळी हातावर ओळीने गांध्या उठल्या. म्हणजे गाडीतच चावले ना?

नक्की सांगता येत नाही. काहींना तासाभरात गांधी उठते, काहींना दोन-तीन दिवसांनी, आणि पहिल्यांदाच चावलं असेल तर आठवड्यानेही. काहींना काहीच होत नाही, त्यामुळे शेजारी झोपलेल्याला काही झालं नाही यावरून निष्कर्ष काढू नये. उघड्या अंगावर तीन-चार गांध्या ओळीत येणं हे ढेकणाचं लक्षण मानतात, पण डासही तसे चावू शकतात. खात्री फक्त ढेकूण, कात किंवा ठिपके सापडल्यावर.

ढेकणामुळे माणसात रोग पसरतो असं सिद्ध झालेलं नाही. खाजवून जखम चिघळली, अंगभर पित्त उठलं किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरांकडे जा.

11. आम्ही तिघं गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने स्लीपरने पुण्याला आलो. उतरताना चादरीवर एक ढेकूण दिसला. एक ट्रॉली, एक सॅक, तीन चादरी, दोन शाली, बूट. फ्लॅट आहे, अंगण नाही. कोणत्या क्रमाने काय करू?

सामान बेडरूममध्ये नेऊ नका आणि सोफ्यावर टेकवू नका. न्हाणीघर किंवा बाल्कनीतली फरशी योग्य, कारण तिथे कापड नसतं आणि फिकट फरशीवर हलणारं दिसतं. मग असं करा:

1. तिघांनीही अंगावरचे कपडे न्हाणीघरातच काढून एका पिशवीत टाका आणि तोंड बांधा. मग आंघोळ.
2. तीन चादरी आणि अंगावरचे सुती कपडे आधी गरम पाण्याला लावा (प्रश्न 12). हे सामान रात्रभर अंगाशी होतं, म्हणून पहिलं.
3. शाली लोकरीच्या असतील तर त्या बांधून बाजूला ठेवा (प्रश्न 14).
4. सॅक उशाशी होती का ते आठवा. असेल तर ती ट्रॉलीच्या आधी. फरशीवर सगळं रिकामं करा, खिसे उलटे करा, अस्तराच्या शिवणीतून जुनं कार्ड फिरवा. पट्ट्यांच्या आतल्या फोमच्या कडा विसरू नका.
5. ट्रॉली गाडीत उघडलीच नसेल तर आतले घडीचे कपडे कमी जोखमीचे. तरी सुती ते धुवा. बाहेरून चेन, चाकं आणि दांडा टॉर्चने पाहा, व्हॅक्युम क्लीनर असेल तर अरुंद तोंड लावून ओढून घ्या. नंतर त्याची पिशवी किंवा डबा घराबाहेर रिकामा करा, आत सोडलेला ढेकूण परत येतो.
6. बुटांचे इनसोल काढून जीभ आणि शिवण तपासा. कापडी बूट असतील तर तेही गरम पाण्यात.
7. जी पॉलिथीन पिशवी गाडीत वापरली ती आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने पुसा. धुतलेलं सामान जुन्या पिशवीत परत भरणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे.

एक ढेकूण दिसला याचा अर्थ एकच आला असं नाही, आणि घरात पसरले असंही नाही. नर किंवा एकटं पिल्लू आलं असेल तर वंश पुढे चालत नाही. गाभण मादी आली असेल तर ती रोज थोडी थोडी अंडी घालते. म्हणून प्रश्न 16 मधली नजर ठेवाच, पण आजच्या आज घरभर फवारणी नको.

12. आमचं मशीन गार पाण्याचं, ड्रायर नाही. मग?

नुसत्या गार पाण्याच्या धुण्यावर विसंबू नका. चोवीस तास भिजवून ठेवलं तर ढेकूण आणि पिल्लं बुडून मरतात, पण अंडी टिकतात. 60 अंश सेल्सियसचं धुणं सगळ्या अवस्था मारतं. फ्रंट लोडमध्ये तो कार्यक्रम असतो.

तो नसेल तर मोठं स्टीलचं पातेलं काढा. दोन सिंगल चादरींना, म्हणजे साधारण किलोभर सुती कापडाला, 10 लिटर उकळतं पाणी घ्या. कोरडे कपडे आधी पातेल्यात सैल टाका, वरून पाणी ओता, काठीने दाबून हवा काढा आणि झाकण ठेवून अर्धा तास थांबा. मग नेहमीसारखे धुवा. गीझरचं पाणी इथे कमी पडतं. ते नळातून 55–60 अंशांनी निघालं तरी बादलीत पडून कपड्यात मुरेपर्यंत खाली येतं आणि अर्धा तास टिकत नाही. पातेल्यात कपडे कोंबले तरी हीच गत, मध्यभागी पाणी पोचतच नाही.

शहरात ड्रायर असलेलं लॉन्ड्रोमॅट मिळालं तर धुण्याआधी कोरडेच कपडे गरम ड्रायरमध्ये अर्धा तास फिरवून आणा, ओल्या कपड्यांपेक्षा ते लवकर तापतात. इस्त्रीचाही उपयोग होतो, पण फक्त जिथे ती टेकते तिथे, म्हणून शिवणी आणि कॉलर सावकाश दाबा.

13. गादी आणि बॅग कडक उन्हात टाकली तर मरत नाहीत का? आजी तेच करायची.

वरचे मरतात, बाकीचे खाली सरकतात. पूर्वी लाकडी खाटा उन्हात काढून फटींत उकळतं पाणी ओतत, आणि जे काही मरत ते बहुतेक पाण्याने. ढेकणाला आणि अंड्यांना मारायला सगळीकडे 50 अंश पोचावे लागतात. काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गादी वरून हात लावू नये इतकी तापते, तरी तिची खालची बाजू हवेइतकीच राहते. ढेकूण तिकडे चालत जातो.

पातळ गोष्टींचं मात्र जमतं. दोन-तीन कपडे एका थरात पसरून काळ्या पिशवीत घाला, एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्यावर ठेवा, तासाने पालथे करा आणि मध्ये स्वयंपाकघरातला थर्मामीटर ठेवून 50 च्या वर गेलंय ना ते पाहा. पावसाळ्यात आणि कोकणात ढगाळ दिवशी हा उपाय सोडून द्या.

14. पैठणी, लोकर, पुस्तकं, लॅपटॉप यांचं काय?

रेशीम आणि लोकर ड्रायक्लीनला द्या. त्यात ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. पिशवीचं तोंड बांधून द्या आणि कारण सांगा. त्याच्या दुकानातल्या इतर कपड्यांचाही विचार हवा.

पुस्तकं आणि छोट्या वस्तूंना डीप फ्रीजर चालतो. उणे 18 अंशांना किमान चार दिवस, पातळ पाकिटं करून, आणि काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर कागदावर पाणी जमतं. घरच्या साध्या एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा एवढा थंड होतोच असं नाही, थर्मामीटर ठेवून बघा.

लॅपटॉपला ना उष्णता ना फ्रीजर. तो बंद करून कडा आणि जाळी टॉर्चने पाहा. धोका लॅपटॉपपेक्षा त्याच्या फोमच्या कव्हरला जास्त. औषधं तापवू नका. पाकिटातून काढून पट्ट्या पाहिल्या की पुरे.

15. बॅग प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाकली तर ढेकूण उपाशी मरतील ना? आणि धान्यातल्या गोळ्या टाकल्या तर?

उपाशी मरतात, पण फार सावकाश. उष्ण हवेत काही महिने, थंडीत त्याहून बरेच जास्त. पिशवीला टाचणीएवढं भोक पडलं तर पिल्लू बाहेर. त्यामुळे हा उपाय फक्त वर्षभर न लागणाऱ्या बॅगेसाठी.

धान्य साठवणीच्या गोळ्या घरात कधीही वापरू नका. त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात आणि हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सोडतात. ढेकणांसाठी टाकलेल्या या गोळ्यांनी शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं, लहान मुलं दगावली आहेत. दार बंद केलं म्हणून वायू थांबत नाही.

16. घरात आले की नाहीत हे किती दिवसांनी कळेल?

सहा आठवडे लक्ष ठेवा. उबदार हवेत अंडी साधारण आठ-दहा दिवसांत फुटतात आणि पिल्लाला पूर्ण वाढेपर्यंत पाच वेळा कात टाकावी लागते, प्रत्येक वेळी आधी रक्त पिऊन. म्हणजे महिना-दीड महिन्यात एकीचं कुटुंब दिसण्याइतकं वाढतं.

आठवड्यातून एकदा गादीच्या डोक्याकडच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे प्रश्न 4 च्या पद्धतीने पाहा. पलंगाच्या पायांखाली वाट्या ठेवल्या तर त्यांच्या आतल्या बाजूला टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवा आणि दर आठवड्याला पुन्हा फिरवा. आपल्याकडची जात नुसत्या गुळगुळीत वाटीतून चढून जाऊ शकते.

ठिपके किंवा ढेकूण सापडला तर मात्र परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. एकाच फवारणीत काम संपवतो म्हणणाऱ्याला नाही. नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना अनेक ढेकूण दाद देत नाहीत आणि अंडी वाचतातच, म्हणून दहा ते पंधरा दिवसांनी दुसरा हात लागतो.

17. मी दर शुक्रवारी रात्रीच्या स्लीपर बसने गावी जातो. दर वेळी एवढा सगळा कारभार कोण करणार?

करू नका. एक ठरलेला संच बाजूला काढा: एक चादरीची पिशवी, हवेची उशी, प्रवासाचे सुती कपडे आणि एक सॅक, जिला आतून कमीत कमी खिसे आहेत. हा संच कपाटात न ठेवता पॉलिथीनमध्ये बांधून दाराशी किंवा बाल्कनीत ठेवा. आल्यावर चादर आणि कपडे गरम पाण्यात, सॅक उलटी करून दोन मिनिटं तपासणी, परत पिशवीत. पलंगावर सॅक टाकायची नाही, एवढं सांभाळलं तरी निम्मं काम होतं. हॉस्टेलवर राहत असाल तर हाच संच सुट्टीवरून घरी येतानाही वापरा, तिथल्या गाद्यांची खात्री बसपेक्षा कमीच असते.